‘कव्हर’ला ‘आवरण’ करू नकोस

जेटीच्या तपासणी अहवालाचं मराठी करताना ‘कव्हर’ हा शब्द पानोपानी येईल. सळईच्या बाहेरच्या पृष्ठापासून काँक्रीटच्या पृष्ठापर्यंतचं अंतर, एवढाच त्याचा अर्थ. मी पहिल्यांदा त्याचं ‘आवरण’ केलं, ‘स्पॉलिंग’चं ‘पोपडे निघणे’. वाचून पंचायतीतले लोक म्हणाले, गिलावाच ना, परत करून घेऊ. प्रत्यक्षात सळया गंजून फुगल्या होत्या आणि काँक्रीट आतून फुटत होतं. वरून गिलावा केला असता तर गंज झाकला जाऊन वाढतच राहिला असता. ती चूक मला अजून टोचते.

म्हणून ‘कव्हर’ तसंच ठेव, पण पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच अर्थ उलगड. ‘स्पॉलिंग’ला ‘सळईवरचं काँक्रीट सुटून पडणे’ म्हण. गंज, तडा, खांब हे मात्र मराठीच बरे. साइटवरचा मेस्त्रीही तेच बोलतो.

‘व्हेरी सिव्हिअर’ला हात लावू नकोस. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात वातावरणाचा मारा किती तीव्र ते सांगणारी ती ठरलेली श्रेणी आहे. समुद्राचे तुषार लागणारा भाग तिच्यात येतो, कव्हर किमान ५० मिमी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला भाग ‘एक्स्ट्रीम’, तिथे ७५. दोन्हींना ‘अतितीव्र’ लिहिलंस तर हा २५ मिमीचा फरक वाचणाऱ्याला दिसणारच नाही.