शेवटचा फासा

प्रश्न: अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ. मग तेवढाच वेळ परत गेला की उरलेले निम्मेही का संपत नाहीत?

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तर यावर पैज लावली होती.

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवतो. सुताराकडून 120 चौकोनी ठोकळे कापून आणले आणि प्रत्येकाच्या एकाच बाजूला लाल ठिपका दिला. हेच आमचे फासे. परातीत हलवायचे, सतरंजीवर ओतायचे, लाल ठिपका वर आलेले बाजूला काढायचे आणि उरलेले मोजून परत परातीत टाकायचे. आकडे लिहायचं काम तिच्याकडे होतं.

97, 84, 71, 58. चार फेऱ्यांत निम्म्याहून जास्त गेले. ती म्हणाली, "सर, अजून चार फेऱ्या, की परात रिकामी!" पोरांनी एका पेरूची पैज घेतली.

आठव्या फेरीनंतर 27 उरले होते. "हे तर संपंनाच की," म्हणत ती वहीत मागं गेली आणि बराच वेळ आकड्यांवर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "सर, पहिल्या फेरीत तेवीस गेले, पाचवीत अकराच. परातीतच कमी असले तर जाणार तरी किती?"

मला एवढंच हवं होतं. दर फेरीला सरासरीनं सहावा हिस्सा जातो, पण तो उरलेल्यांचा. तीन फेऱ्यांनंतर साधारण 58 टक्के उरतात, चारनंतर 48. म्हणजे निम्मे व्हायला चारपेक्षा किंचित कमी फेऱ्या, मग सुरुवात 120 पासून करा नाहीतर 58 पासून. आयोडीन-131 चे अणूही असेच दर आठ दिवसांनी निम्मे होतात. फरक एवढाच, की अणू फेरीची वाट पाहत नाही, कुठल्याही क्षणी फुटतो.

दहा-बारा फासे उरल्यावर मात्र हिशेब डगमगायला लागला. एका फेरीत चार गेले, पुढच्या दोन फेऱ्यांत एकही नाही. नियम खोटा ठरला म्हणून पोरं खूश! पण सरासरी गर्दीत दिसते. चिमूटभर मातीतसुद्धा अणू इतके असतात, की हा डगमग तिथं जाणवतच नाही.

शेवटचा फासा तिसाव्या फेरीनंतरही परातीत होता. कुणी म्हणालं, आता याची पाळी आलीच. तिला वेगळाच संशय होता. सुताराचा हात तिरका पडला असेल तर चपटा ठोकळा त्याच त्या बाजूवर पडत राहणार. तिनं तो एकटाच 60 वेळा टाकला. लाल नऊदा आला. दहाच्या आसपास यायला हवा होता. फासा चांगला होता. तीस फेऱ्या टिकला म्हणून पुढच्या फेरीत जायची त्याची शक्यता वाढली नव्हती, ती पहिल्या फेरीइतकीच, सहात एक.

पेरू तिनं दुसऱ्या दिवशी आणून दिला, अर्धा खाल्लेला.