मलम पुरे, की पोटातलं औषध हवं?

«मुलगी पहिलीत आहे. नाकाखाली मधासारखी पिवळी खपली धरलीये. डॉक्टर इम्पेटिगो म्हणाले आणि छोटीशी ट्यूब दिली. शाळेने घरी पाठवलं. शेजारीण म्हणते, हात लावू नका, पसरतं. एवढं पसरणारं दुखणं नुसत्या मलमाने जाईल का? पोटातून औषध का नाही दिलं?»

पावसाळा लागला की हा प्रश्न माझ्या खोलीत येतोच. मी डॉक्टर नाही. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात शेजारच्या खोलीत बसते आणि तपासणी होऊनही ज्यांची घालमेल थांबत नाही, त्या आईबाबांशी बोलते. औषध डॉक्टरच ठरवतात. ते का ठरवलं, हे आईच्या मनात उतरवणं माझं काम, आणि माझ्या अनुभवात उपचार बहुतेक वेळा तिथेच अडकतात. रत्नागिरीकडच्या एका घराची ही गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बरीच बोलणी थोडक्यात आणली आहेत.

आई आत आली तेव्हा मुलीचा चेहरा लालबुंद होता. मला वाटलं दुखणंच वाढलंय. तसं नव्हतं. आईने खपली साबणाने आणि घासणीने घासून काढली होती.

“मॅडम, सगळं तोंड भरलंय हो तिचं. आणि डॉक्टर म्हणतात मलम लावा! माझ्याकडे मागच्या तापाचं अमॉक्सिसिलिन उरलंय, ते सुरू करू का?”

भीती वाटणाऱ्याला ‘घाबरू नका’ म्हणून भीती जात नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी जे डोळ्यांना दिसतं ते समोर मांडावं, मनात काय चाललंय ते मग बघावं. मी कागदावर मुलीची साधी आकृती काढली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, “जिथे जिथे खपली आहे, तिथे टिंब द्या.”

एक टिंब नाकाखाली. दुसरं ओठाच्या कडेला. हनुवटीपाशी पेन थोडं थांबलं, तिथे तिसरं. मग त्यांनी लेकीला वळवून मान बघितली, बाह्या वर करून हात बघितले, पाय बघितले. पेन पुन्हा कागदावर आलं नाही.

“तीनच?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मला वाटत होतं…” आणि वाक्य तसंच सोडलं.

मी ते पूर्ण केलं नाही. अशा वेळी गप्प राहता येणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते मला आता जमतं. पुढचं त्याच बोलल्या. “पोटातलं औषध दिलं असतं ना, तर सासूबाईंना सांगता आलं असतं की मोठं दुखणं होतं. आता सगळे म्हणतात, घर स्वच्छ ठेवत नाही म्हणून झालं.”

गाठ इथे होती. त्या औषधाचं माप फोडांवरून घेत नव्हत्या, लोकांच्या बोलण्यावरून घेत होत्या. सिरप मिळालं असतं तर दुखणं खरं ठरलं असतं आणि त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला असता. हे मी त्यांना समजावलं नाही. कागद त्यांच्याकडे सरकवला आणि विचारलं, “ही तीन टिंबं बघून कुणीही, आजीसुद्धा, काय म्हणेल?” त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “ट्यूब पुरेल म्हणेल.”

डॉक्टरांचा हिशेबही तोच होता. इम्पेटिगो कातडीच्या अगदी वरच्या थरात होतो. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो, कधी ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस, कधी दोन्ही. फोड थोडे आणि एकाच भागात असतील, मुलाला ताप नसेल, तर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम पोटातल्या औषधाइतकंच काम करतं, आणि जुलाब-उलटीचा त्रास टळतो. फोड बरेच असतील, अंगावर ठिकठिकाणी असतील, मोठे पाण्याचे फोड येत असतील, ताप किंवा गाठी असतील, किंवा एकाच घरात-वर्गात बऱ्याच जणांना झालं असेल, तर पोटातलं औषध लागतं. दोन्ही एकदम दिल्याने जास्त फायदा होत नाही. घरात उरलेलं साधं अमॉक्सिसिलिन तर इथे बहुधा वायाच जातं, कारण हे स्टॅफ जंतू पेनिसिलिन गटातली साधी औषधं मोडून टाकणारा पदार्थ स्वतःच तयार करतात. डॉक्टर वेगळी औषधं निवडतात ती यासाठी.

मग मी त्यांना मलम कसं लावता ते माझ्या हातावर दाखवायला सांगितलं. बोट ट्यूबवरून थेट खपलीवर गेलं आणि भराभर फिरलं. खपलीखाली जंतू आणि वर औषध, मध्ये ती पिवळी भिंत! खपली म्हणजे फोडातून झिरपणारा द्रव सुकून झालेला थर. तो आधी मऊ करावा लागतो. स्वच्छ कापडाची घडी कोमट पाण्यात पिळून पाच-दहा मिनिटं अलगद ठेवायची, जे सुटेल तेवढंच पुसून घ्यायचं आणि मग मलमाचा पातळ थर द्यायचा. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा, पाच दिवस सांगितलं होतं. ओरबाडायचं मुळीच नाही. घासणीने कातडी सोलली की जंतूंना नवी जागा मिळते. बरं झाल्यावर या आजाराचे व्रण सहसा राहत नाहीत, पण नखं लावली तर सांगता येत नाही.

जाता जाता एक गोष्ट. त्यांच्या पर्समध्ये आणखी एक ट्यूब होती, शेजारणीने मेडिकलमधून आणून दिलेली. खाज, नायटा, जंतू, सगळ्यांवर एकच मलम. अशा मिश्र मलमांत बहुधा स्टिरॉइड असतं. त्याने लाली दोन दिवसांत उतरते, घरचे खूश होतात आणि खाली जंतू वाढत राहतात. ती ट्यूब आमच्या डॉक्टरांनी बाजूला काढली.

आता पसरण्याचं. जंतू जातो हाताने, आणि हाताला लागलेल्या कापडाने. लेकीला सर्दी होती. नाक पुसून पुसून नाकाखालची कातडी सोलली होती आणि हा जंतू नाकात राहू शकतो, त्यामुळे सुरुवात तिथेच झाली. ‘घर अस्वच्छ’ हा ठपका इथेच गळून पडला, कारण मी ते सांगताच त्यांनी स्वतःच्या ओढणीकडे पाहिलं. तिचंही नाक त्याच ओढणीने, धाकट्याचंही त्याच ओढणीने. शाळेतही असंच होतं: एकाचा रुमाल दुसऱ्याकडे जातो, हातात हात घालून खेळ होतात. नियम मोजकेच ठेवले. लेकीचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा, रोज गरम पाण्यात धुवायचा. पावसात ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची. नखं कापायची. मलम लावण्याआधी आणि नंतर आईने साबणाने हात धुवायचे. लेकीला जवळ घ्यायचं नाही, असा नियम मी केला नाही. फोडाला गाल लागू नये, एवढंच. आईने दोन दिवस जवळ न घेतल्याने मुलगी जास्त रडवेली झाली होती.

शाळेचा प्रश्न राहिला. उपचार सुरू होऊन एक दिवस गेला की बहुतेक ठिकाणी मुलाला वर्गात घेतात. काही ठिकाणी 48 तास किंवा फोड सुकेपर्यंत थांबायला सांगतात. मी आईला डॉक्टरांची चिठ्ठी आणि उपचार सुरू केल्याची तारीख घेऊन वर्गशिक्षिकेकडे जायला सांगितलं. तारीख समोर असली की बोलणं वादावर जात नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत नवे फोड थांबायला हवेत आणि जुने सुकायला लागायला हवेत. लेकीचं तसंच झालं.

पण गोष्ट इथे संपली नाही. तीन वर्षांच्या धाकट्याचे पाय डासांनी फोडून काढले होते आणि तो खाजवत सुटला होता. एका सकाळी आई पुन्हा आल्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. आकृती त्यांनीच काढली होती, जरा वाकडीतिकडी. दोन्ही पोटऱ्यांवर टिंबं, मांडीवर, कोपरावर, पोटावर.

“मॅडम, ही मी मोजायची सोडून दिली. अंग गरम आहे. जांघेत गाठ लागते. हे ट्यूबचं काम नाही ना?”

खोटं कशाला बोलू, त्या कागदाने मला जितका आनंद दिला तितका एखाद्या समारंभातल्या हारानेही दिला नसता. गेल्या वेळी ज्या बाईंना घाबरून औषध हवं होतं, त्याच आता मोजून डॉक्टरांचा प्रश्न विचारत होत्या. डॉक्टरांनी तपासलं, बोटांच्या बेचक्या बघितल्या आणि रात्री खाज वाढते का ते विचारलं, कारण खाली खरूज असेल तर तिच्यावर वेगळा उपचार केल्याशिवाय फोड परत परत येतात. खरूज नव्हती. वजन करून सेफॅलेक्सिनचं सिरप दिलं, सात दिवसांसाठी. हे औषध वजनावर ठरतं, म्हणून एका भावंडाचं दुसऱ्याला अंदाजाने देता येत नाही.

इथे दुसरी अडचण आली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, फोड सुकले आणि आजीने बाटली कपाटात ठेवली. “बरं झालंय पोर, उगाच औषध कशाला पोटात?” आईने मला फोन केला. मी म्हटलं, “आजींना फोन द्या.” आजींना मी विचारलं, “तुम्ही भात लावता, तेव्हा वरवरचं तण दिसेनासं झालं की बेणणी थांबवता का?” आजी म्हणाल्या, “मुळं राहतात ना.” बाटली कपाटातून बाहेर आली आणि सातही दिवसांचं औषध पूर्ण झालं.

एक सूचना मी दोन्ही मुलांसाठी कागदावर लिहून दिली, कारण ती ऐकून विसरली जाते. स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या इम्पेटिगोनंतर क्वचित मूत्रपिंडाला सूज येते आणि ती फोड बरे झाल्यावर, साधारण तीन आठवड्यांच्या आसपास दिसते. औषध नीट घेतलं तरी तिची शक्यता पूर्ण जात नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, चहासारखी किंवा गडद तपकिरी लघवी, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आईने तो कागद दिनदर्शिकेला लावला आणि त्या आठवड्यांवर पेनाने गोल केले. रोज सकाळी मुलांची तोंडं बघण्याची जबाबदारी आजींनी स्वतःहून मागून घेतली.