सॉफ्टशेल की हार्डशेल? आधी कापडावर फुंकर मारून बघा

प्रश्न: मी परभणीचा. हिवाळ्यात अजिंठ्याच्या रांगेतले किल्ले भराभर चढतो, कुठं कुठं कातळावर हात टेकून चढावं लागतं. डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जायचंय. गार वाऱ्यासाठी जॅकेट सॉफ्टशेल घेऊ की हार्डशेल? दुकानदार म्हणतो हार्डशेलच घ्या, एकात दोन्ही कामं होतात.

उत्तर:

दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. हार्डशेल पाऊस अडवतं, वाराही अडवतं. त्यासोबत घामही बराचसा अडवतं. आणि हिवाळ्याच्या पहाटे आपल्याकडे पाऊस कुठला? भिजवतो तो घामच.

मी हे सोयगावजवळच्या वेताळवाडी किल्ल्यावर शिकलो. डिसेंबरातली पहाट होती, गाडीतून उतरलो तेव्हा दात वाजत होते, म्हणून नवंकोरं हार्डशेल तिथंच अंगात घातलं आणि गळ्यापर्यंत चेन लावली. सोबतचा मित्र साध्या बनियनवर पातळ विंडचिटर घालून आलेला. अर्ध्या चढावर माझ्या कपाळावरून धारा लागल्या तेव्हा तो म्हणाला, "तुझ्यावर एकट्यावरच पाऊस पडायलाय का रे?" वर पोचलो, तटावर खानदेशाकडून येणारा वारा सुरू झाला आणि मी जॅकेट उघडलं. आतला टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला. पाच अंश तापमानात ताशी 30 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते शून्याइतकं लागतं, आणि ओल्या अंगाचे हाल त्याहून वाईट. सूर्य वर येईपर्यंत मी बुरुजाच्या आडोशाला कुडकुडत बसलो. जॅकेटमध्ये मात्र काहीही बिघाड नव्हता.

मग असं का झालं? हार्डशेलमध्ये वरच्या नायलॉनखाली एक अतिशय पातळ पडदा चिकटवलेला असतो. त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. हवा मात्र जवळजवळ जातच नाही. म्हणजे वाफेला रेंगाळत, पडद्यातूनच वाट काढावी लागते, आणि तीही आत दमटपणा जास्त अन् बाहेर कमी असेल तरच. लेबलवर 20,000 ग्रॅम असा आकडा असतो. एक चौरस मीटर कापडातून 24 तासांत इतकी वाफ जाते, असा त्याचा अर्थ. तासाला 800 ग्रॅमच्या वर झाले, आणि जोरात चढताना घाम तासाला अर्धा ते एक लिटर येतो. कागदावर हिशोब जमल्यासारखा वाटतो. पण असे मोठे आकडे ज्या चाचणीतून येतात, तिच्यात बहुतेकदा कापडाच्या एका बाजूला थेट पाणी आणि दुसऱ्या बाजूला ओल शोषणारं मीठ असतं. डोंगरावर तसं कुणी मीठ घेऊन उभं नसतं. शिवाय पाठ सॅकखाली दाबलेली, म्हणजे सगळ्यात जास्त घाम येणारी जागाच बंद. वरचं कापड ओलं झालं तर उरलीसुरली वाटही बुजते. सह्याद्रीच्या पावसाळी ट्रेकला म्हणूनच महागडं हार्डशेल घातलेला आणि प्लास्टिकचा रेनकोट घातलेला, दोघंही आतून ओलेच असतात. तिथं बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते.

खऱ्या सॉफ्टशेलमध्ये हा पडदा नसतो. दाट विणलेलं, ताणलं जाणारं नायलॉन, त्यावर पाणी झटकणारा लेप, बस्स. वाऱ्याचा जोर मोडतो, पण थोडी हवा आरपार जाते आणि तीच हवा वाफ घेऊन निघून जाते. घोंगडी पांघरून मेंढ्यांमागं हिंडणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता खरी अडचण. आपल्याकडे दुकानात सॉफ्टशेल म्हणून टांगलेली बरीचशी जॅकेटं तशी नसतात. बाहेर गुळगुळीत कापड, आत मऊ फ्लीस आणि दोन्हींच्या मधे तोच पडदा! बाईकवर छान, चढाला नकोच. घामाच्या बाबतीत हार्डशेलइतकंच कोंदट, आणि शिवणींवर पट्टी नसल्यानं पावसातही गळतं. ओळखायचं कसं? बाही उलटी करून कापड ओठांवर घट्ट दाबा आणि जोरात फुंका. दुसऱ्या बाजूला हात धरा. फुंकर हाताला लागली तर ते चढाचं सॉफ्टशेल. गाल फुगले आणि पलीकडं काहीच आलं नाही, तर मधे पडदा आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. दुकानदार बघत राहतो, राहू द्या.

सॉफ्टशेलची मर्यादाही सांगतो. हलकी सर झेपते, कोरडा बर्फ झटकला की पडतो, पण सलग पावसात अर्ध्या तासात ते भिजतं. आणि चालणं थांबलं की त्यातून येणारी हवा बोचायला लागते.

तुमच्या केदारकंठ्यालाच हे लावून बघा. माथा साधारण 12,500 फुटांवर आहे आणि शेवटची चढाई अंधारात सुरू होते, उणे आठ-दहा अंशांत. अंगाला चिकटून बसणारा घाम शोषणारा थर, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर सॉफ्टशेल. निघताना थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत ती गेली नाही तरच एक थर वाढवा. हार्डशेल सॅकमध्ये सगळ्यात वर. झाडी संपून उघड्या धारेवर वारा लागायला लागला की घाम गार होण्याआधीच ते सॉफ्टशेलवरून चढवायचं, काखेतल्या चेन उघड्या ठेवून. मी तिथं सुरुवातीपासून हार्डशेल घालून गेलेल्या एकाला बघितलंय. माथ्यावर त्यानं चेन उघडली तर आतल्या बाजूला पांढरं दहिवर जमलेलं! वाफ बाहेर पडायच्या आधीच थंड कापडावर गोठली होती.

म्हणून हार्डशेल घेताना सॉफ्टशेल आणि फ्लीस घालूनच मापून बघा. दोन्ही हात वर केल्यावर ते कमरेच्या वर सरकलं तर एक माप मोठं घ्या.

कातळाचंही एक आहे. आपल्या रांगांमध्ये खडकाइतकाच त्रास बोरी-बाभळीच्या काट्यांचा. सॉफ्टशेलला काट्यानं बारीक भोक पडलं तरी फरक पडत नाही, ताणलं जात असल्यानं हात लांब टाकतानाही ते अडत नाही. हार्डशेलच्या पडद्याला तेच भोक पडलं तर तिथून पाणी येणार. माझ्याच्या कोपराला आता दोन ठिगळं आहेत.

फक्त मराठवाड्यातले किल्लेच करायचे असते तर मी म्हटलं असतं, हार्डशेलवर एक रुपया घालू नका. साधा बिनअस्तराचा विंडचिटर खिशात मावतो आणि वेताळवाडीच्या वाऱ्याला पुरतो. केदारकंठ्यासाठी सॉफ्टशेल विकत घ्या, ते पुढं दर रविवारी वापराल. हार्डशेल मात्र तेवढ्यापुरतं भाड्यानं घेतलं तरी चालेल. घेताना त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर घ्या, कापडात जिरून काळपट डाग पडला तर दुसरं मागा.