पोवाडा, पोवळं आणि पोवतं

प्रश्न : आमची आजी (सोलापूरकडची) एक गाणं म्हणायची. गावच्या तळ्याला पाणी लागत नाही म्हणून पाटलाची धाकटी सून बळी देतात, अशी गोष्ट. दर कडव्यानंतर ‘पाणी लागंना’ ही ओळ येते. याला पोवाडा म्हणावं की कथागीत? आणि परत परत येणाऱ्या ओळीला धृपद म्हणायचं की पालुपद?

‘कथागीत’ हा इंग्रजीतल्या ‘बॅलड’साठी पाडलेला शब्द. चुकीचा नाही, पण त्याला वास नाही. आजीसमोर उच्चारून पाहा, त्या विचारतील, ‘म्हंजी काय?’ तेव्हा तो बाजूला ठेवू आणि पोवाड्याकडे वळू, कारण खरी गंमत तिथं आहे आणि माझा रागही.

राग अशासाठी की दर शिवजयंतीला निवेदक माईकवरून सांगतो, ‘पोवाडा म्हणजे वीररसाचं स्तुतिगीत’. वर्तमानपत्रांनी त्यावर कडी केली आहे. कोणी कोणाची खुशामत केली की ‘पोवाडे गायले’. मग पानिपतावरचे पोवाडे कोणाची स्तुती करतात? नारायणराव पेशव्यांच्या खुनावरचा पोवाडा कोणत्या वीररसात बसवणार? घडलेली आणि लोकांच्या तोंडी झालेली गोष्ट गाऊन सांगणं हे पोवाड्याचं काम. स्तुती झाली तर झाली.

शब्दाच्या मुळातही हेच आहे, असं माझं ठाम मत. पोवाडा आला ‘प्रवाद’ या शब्दातून. प्रवाद म्हणजे लोक बोलतात ते, कर्णोपकर्णी पसरलेली हकीकत. ‘प्र’ चा ‘प’ झाला आणि पुढच्या ‘व’मुळे ओठ गोल होऊन ‘प’ चा ‘पो’. कोणी म्हणेल, ही ओढाताण आहे. मग दागिन्यांचा डबा उघडा. प्रवाळाचं मराठीत काय झालं? पोवळं. श्रावणात देवाला वाहतात ते पवित्र? पोवतं. प्रवाळाचं पोवळं, पवित्राचं पोवतं, तसा प्रवादाचा पोवाडा. तीन भावंडं एका ओळीत उभी केली की चेहरेपट्टी लपत नाही. हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी जेवता जेवता उठलो होतो.

दुसरा पक्ष ‘प्रवृद्ध’ कडे बोट दाखवतो. वाढलेलं, विस्तारलेलं, म्हणून पराक्रमाचा विस्तार, म्हणून पोवाडा. ज्ञानेश्वरीतल्या ‘पवाडु’ला विस्ताराचा अर्थ आहे, हा त्यांचा हुकमी एक्का. अर्थ आहे, मान्य. पण त्या धातूपासून मराठीत आलेले शब्द बघा : वाढ, वाढणे, वाढदिवस. सगळीकडे ‘ढ’ ठणठणीत आहे. मग पोवाड्यातच त्याचा प्राण, म्हणजे महाप्राण, कोणी काढून घेतला? ‘पोवाढा’ म्हणणारा माणूस मला आणून दाखवा, मी पक्ष सोडतो. माझ्याही बाजूला ‘द’ चा ‘ड’ कसा झाला हा खडा आहेच. पण दंशापासून ‘डसणे’ करणाऱ्या भाषेला तो फार टोचला नसावा.

तिसरं मत हिंदीकडून येतं. तिकडे ‘पँवाड़ा’ म्हणजे लांबत गेलेली कंटाळवाणी कथा, आणि काही जण तो शब्द परमार (पँवार) राजपुतांच्या नावाशी जोडतात. मारवाडात कोळू गावच्या पाबूजी या लोकदेवाचे ‘पवाड़े’ आजही गातात. पाबूजी राठोड होते! परमारांचं नाव राठोडांच्या गोष्टीला कसं चिकटलं, हे आधी सांगावं. आणि त्या गोष्टीचा गाभा तरी काय? देवल चारणीच्या गाई पळवल्या गेल्या आणि पाबूजी त्यांच्यासाठी लढले. गावचीच गोष्ट झाली की.

मराठीत पोवाड्याचा अर्थ आक्रसला तो छापखान्यामुळे, असा माझा संशय. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली पहिला मोठा संग्रह काढला. त्याचं नाव ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’. गावच्या पाटलाची धाकटी सून इतिहासप्रसिद्ध नव्हती, त्यामुळे तिची गोष्ट दाराबाहेर राहिली आणि पुढच्या पिढ्यांनी दाराच्या आत होतं तेवढ्यालाच पोवाडा म्हटलं.

तुमच्या गाण्याची बहीण मात्र सीमेपलीकडे सापडते. उत्तर कर्नाटकातलं ‘केरेगे हार’, म्हणजे तळ्याला बळी. कल्लनकेरीचा मल्लनगौडा तळं खोदतो, पाणी लागत नाही, धाकटी सून भागीरथी द्यायची ठरते. आता गोष्ट कशी आवळली आहे ते बघा. खोदायला किती वर्षं गेली, गावात काय बोलणी झाली, काही नाही. भागीरथी माहेरी जाते. बाप विचारतो, तोंड का उतरलं? ती म्हणते, सासरचे वेगळं काढताहेत. बाप म्हणतो, काढू देत. खरं ती फक्त मैत्रिणीला सांगते. एवढ्या दोन-तीन प्रश्नोत्तरांत सासर, माहेर आणि तिचा एकटेपणा सगळं उरकलं. मग पूजा होते, सोन्याची वाटी तळ्यात ‘विसरते’ आणि ती आणायला तिलाच पाठवतात. ती एकेक पायरी चढू लागते तसं पाणी पावलांना, गुडघ्याला, कमरेला लागतं. शेवटी फौजेतून नवरा येतो, घरचे खोटं सांगतात, मैत्रीण खरं सांगते, आणि तोही तळ्यात उडी घेतो. अनेक दिवसांची गोष्ट आणि थांबायचं कुठं, तर तळ्याच्या पायऱ्यांवर.

त्या पायऱ्यांच्या ओळी परत येतात, पण दर वेळी बदलून. त्यांना धृपद म्हणू नका. धृपद म्हणजे ‘ध्रुवपद’, ताऱ्यासारखं जागचं न हलणारं पद. (म्हणून खरं तर ‘ध्रुपद’. गाण्यांच्या पुस्तकांतला ॥धृ॥ पाहिला की माझी तिडीक उठते, पण ती लढाई मी हरलो आहे.) तुमची ‘पाणी लागंना’ ही ओळ तसूभर बदलत नसेल तर ते धृपद. पालुपदही तेच, फक्त लोकांनी त्याला रोजच्या कुरकुरीला जुंपलं : ‘झालं याचं पालुपद सुरू’. आजीच्या गाण्याला ते लावायला माझी जीभ रेटत नाही.

हां, पोवाडा म्हणावं का, ते राहिलंच. मुळाच्या अर्थाने पुरेपूर पोवाडा. पण शाहीर, डफ, तुणतुणं, मागे ‘जी जी’ करणारे झीलकरी आणि चौकाचौकांनी चढत जाणारी मांडणी हा पोवाड्याचा संसार, आणि आजीकडे तो नसणार. म्हणून फडावरचा माणूस हो म्हणणार नाही. त्याच्याशी मी भांडेन, तुम्ही नका भांडू.

तुम्ही एवढंच आठवून कळवा : तळं भरल्यानंतरच्या कडव्याला आजी ‘पाणी लागंना’ म्हणायच्या, की ती ओळ गाळायच्या, की ‘पाणी लागलं’ करायच्या?