शेवटचा दर आणि त्याची तारीख

प्रश्न : मी नाशिकला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. द्राक्ष निर्यातदारांची युरोतली बिले रुपयांत दाखवणारा प्रोजेक्ट मी केला आहे. मुलाखतीत विचारले, “दर आलाच नाही तर?” मी म्हणाले, “शेवटचा दर वापरू.” त्यांचे समाधान झाले नाही. माझे काय चुकले? आणि या कामाला पुढे वाव कुठे आहे?

उत्तर : तुमचे उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. शेवटचा दर वापरणे ही रूढ पद्धतच आहे. मात्र तो किती जुना आहे आणि कशामुळे जुना राहिला, हे तुमच्या प्रोग्रॅमला कळते का, हे त्यांना जाणून घ्यायचे असावे.

युरोपियन सेंट्रल बँकेची `eurofxref-daily.xml` ही फाइल घेऊ, कारण ती मोफत आहे आणि तिच्यात रुपयाचा दर असतो. कामाच्या दिवशी ती तिथल्या दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला, अद्ययावत होते. शनिवार-रविवारी आणि बँकेच्या ठरलेल्या सुट्ट्यांना नवा दर नसतो, पण सर्व्हर बंद नसतो. फाइल नेहमीसारखी उतरते, उत्तराचा कोड २०० येतो आणि आत `time` मध्ये मागची तारीख असते. ज्या प्रोग्रॅमने फाइल उतरवल्याचा दिवस हीच दराची तारीख धरली, तो जुना दर आजचा म्हणून साठवतो आणि कुठेही एरर दिसत नाही.

२०२५ च्या ईस्टरचे उदाहरण पाहा. १८ एप्रिलला गुड फ्रायडे होता आणि २१ ला ईस्टर मंडे, त्यामुळे गुरुवार १७ एप्रिलचा दर मंगळवार २२ च्या संध्याकाळपर्यंत शेवटचाच होता. मंगळवारी सकाळी तो पाच दिवसांचा झालेला होता, तरी एकही अपेक्षित दर चुकलेला नव्हता. तुम्ही ‘दोन दिवसांपेक्षा जुना दर नको’ असा नियम केला असता तर प्रोग्रॅमने विनाकारण इशारा दिला असता, आणि नियम सैल करून सात दिवसांचा केला असता तर एरवी फाइल खरोखरच मिळेनाशी झाल्यावर आठवडाभर कुणाला पत्ता लागला नसता. म्हणून वय दिवसांत न मोजता, बँकेच्या सुट्ट्यांची यादी जवळ ठेवून, किती अपेक्षित दर चुकले यात मोजावे. एक चुकला तर पडद्यावर सूचना द्यावी आणि दोन चुकले तर बिलाचे रूपांतर थांबवून माणसाला विचारावे, असे माझे मत आहे.

हे साधण्यासाठी सुट्टीच्या दिवसाची ओळ कालचा दर भरून तयार करू नका. तसे केले की कोणता दर आलेला आणि कोणता भरलेला, हे नंतर ओळखता येत नाही. टेबलमध्ये चलन, दर, दराची तारीख आणि फाइल उतरवल्याची वेळ एवढे ठेवा, आणि मागे जाण्याचे काम दर वाचताना करा :

```sql
SELECT rate, rate_date FROM fx_rates
WHERE currency = 'INR'
  AND rate_date <= '2025-04-21'
ORDER BY rate_date DESC LIMIT 1;
```

इथे उत्तरात १७ एप्रिल ही तारीख दरासोबतच येते. ती बिलावर छापा, म्हणजे निर्यातदाराला आकडा कुठल्या दिवसाचा आहे ते दिसेल.

हे वय प्रत्येक चलनासाठी वेगळे मोजायला हवे, आणि त्याचे कारण रशियन रूबलमध्ये सापडते. बँकेने २ मार्च २०२२ पासून रूबलचा दर देणे स्थगित केले. त्यानंतरही फाइल वेळेवर येत राहिली, तारीखही ताजी होती. फक्त रूबलची ओळ नव्हती. फाइलचीच तारीख तपासणारा प्रोग्रॅम तेव्हापासून १ मार्चचाच दर निमूटपणे देत राहील. तुमच्या प्रोजेक्टमध्ये फाइलमधून रुपयाची ओळ मुद्दाम काढून ही चाचणी करून पाहा.

सर्व्हरने उत्तरच दिले नाही, तर ते ओळखणे त्या मानाने सोपे असते. दहा सेकंदांचा टाइमआउट लावा, अंतर वाढवत दोन-तीनदा पुन्हा विचारा आणि मग साठवलेल्या दराकडे वळा. मात्र हा दर बँकेने केवळ माहितीसाठी दिलेला असतो. निर्यातदाराच्या खात्यात रक्कम त्याच्या बँकेच्या दराने जमा होते, हे पडद्यावर स्पष्ट लिहा.

वावाबद्दल सांगायचे तर पेमेंट कंपन्यांमधील बॅकएंड डेव्हलपरची पदे आणि निर्यात कंपन्यांसाठी ईआरपी बसवणाऱ्या संस्था या दोन ठिकाणी हे काम रोजचे आहे. तुम्हाला निर्यातदारांची बिले जवळून माहीत आहेत, म्हणून मी तुम्हाला दुसरी वाट आधी पाहायला सांगेन. अर्जासोबत प्रोजेक्टची लिंक देताना ईस्टरची आणि गायब ओळीची, अशा दोन्ही चाचण्या त्यात असू द्या.