पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय पण मिळालंच नाही, सेलरला नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: ऑनलाइन मागवलेलं शिलाई मशीन मंगळवारी दुपारी २:४० ला ‘घरातल्या व्यक्तीकडे दिलं’ असं ट्रॅकिंगवर दिसतंय. मी तेव्हा घरातच होते, कुणीही आलं नाही. सेलर म्हणतो, ‘आमच्याकडे डिलिव्हर्ड आहे, कुरिअरशी बोला.’ कुरिअरवाले म्हणतात, ‘सेलरशी बोला.’ आता काय लिहू?

उत्तर:

पुढचा मेल सेलरलाच पाठवा. मात्र त्यात ‘पार्सल मिळालं नाही’ एवढ्यावर थांबू नका, डिलिव्हरीचा पुरावा मागा. मी बरीच वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या तक्रार विभागात असे मेल वाचले आणि त्यांना उत्तरं दिली. कोणता मेल वाचून समोरचा माणूस कामाला लागतो आणि कोणत्या मेलला ठरावीक छापील उत्तर जातं, हे मी आतून पाहिलं आहे.

सेलरलाच का, ते आधी सांगते. कुरिअरचं बुकिंग सेलरने केलेलं असतं, पैसेही त्यानेच भरलेले असतात. त्यामुळे कुरिअरचा करार त्याच्याशी असतो आणि रीतसर चौकशी किंवा भरपाई बहुतेक कंपन्या पाठवणाऱ्याच्याच तक्रारीवर सुरू करतात. तुम्ही पैसे दिलेत सेलरला, म्हणून तुम्हाला उत्तर देणं त्याच्याकडे लागतं. कुरिअरकडे तुम्ही एकदाच फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या, म्हणजे तुम्ही वेळेत कळवलंत याची नोंद राहते. तिथे त्यापलीकडे शक्ती घालवू नका.

मेल लिहिण्याआधी थोडं तपासून घ्या. ऑर्डरवर गेलेला पत्ता उघडून बघा. खात्यात जुना पत्ता साठवलेला असतो आणि तोच निवडला जातो, असं फार वेळा घडतं. तसं झालं असेल तर प्रकरणच वेगळं आहे आणि तसं सरळ सांगूनच सेलरची मदत मागावी लागेल. ‘दारात ठेवा’ किंवा ‘शेजारी द्या’ अशी सूचना आपणच दिली होती का, तेही पाहा. घरात आणि शेजारी विचारा. शिवाय डिलिव्हरी करणाऱ्यावर दिवसाची यादी संपवायचं दडपण असतं, त्यामुळे पार्सल गाडीतच असताना ‘डिलिव्हर्ड’ मारलं जातं आणि ते दुसऱ्या दिवशी दारात येतं. म्हणून एक-दोन कामाचे दिवस थांबायला हरकत नाही. त्याहून जास्त थांबू नका, कारण तक्रार करायला कुरिअरने सेलरलाही मुदत घातलेली असते आणि ती संपली की सेलरची टाळाटाळ वाढते.

आता मेल. मी असा लिहीन:

विषय: ऑर्डर क्रमांक …, ट्रॅकिंग क्रमांक … – पार्सल मिळालेलं नाही, डिलिव्हरीचा पुरावा हवा

नमस्कार,

वरील ऑर्डरमधलं शिलाई मशीन मला मिळालेलं नाही. मंगळवारी दुपारी २:४० ला ते घरातल्या व्यक्तीकडे दिल्याची नोंद ट्रॅकिंगवर आहे. त्या वेळी मी घरी होते. कुणी बेल वाजवली नाही, फोन आला नाही, ओटीपी मागितला नाही. घरातल्या किंवा शेजारच्या कुणीही पार्सल घेतलेलं नाही. ऑर्डरवरचा पत्ता मी तपासला आहे, तो बरोबर आहे.

कृपया कुरिअर कंपनीकडे तुमच्या बाजूने चौकशी सुरू करा आणि मला पुढील माहिती कळवा: पार्सल कुणाच्या हाती दिलं त्याचं नोंदलेलं नाव, सही किंवा फोटो, नोंद झाली त्या जागेचं जीपीएस ठिकाण, लेबलवरचा पूर्ण पत्ता, आणि बुकिंगच्या वेळचं वजन.

… तारखेपर्यंत पार्सल किंवा ते मला दिल्याचा पुरावा मिळाला नाही, तर मला पूर्ण रक्कम परत हवी आहे. ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट आणि कुरिअरकडील तक्रार क्रमांक सोबत जोडला आहे.

एवढाच मेल पुरे. यात संताप नाही, ‘तुम्ही फसवे आहात’ नाही, वाईट रिव्ह्यूची धमकी नाही. संतापाचे आणि धमकीचे मेल आमच्याकडे आले की ते वरिष्ठांकडे सरकायचे आणि तिथे पडून राहायचे. पाच ठोस गोष्टी मागणारा मेल मात्र बाजूला टाकता येत नाही, कारण त्या गोष्टी एक तर द्याव्या लागतात, नाहीतर त्या नाहीत असं लेखी कबूल करावं लागतं.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. ‘पार्सल चोरीला गेलं असावं’ असं लिहू नका. तुम्हाला ते माहीत नाही, आणि ते वाक्य वाचून सेलर लगेच म्हणतो की ग्राहकच सांगतोय, पार्सल दारापर्यंत आलं होतं, पुढे चोरी झाली, त्यात आमचा दोष नाही. तुम्हाला खात्रीने माहीत आहे ते एवढंच की पार्सल तुमच्या हातात आलं नाही. तेवढंच लिहा आणि शेवटपर्यंत तेच म्हणा. साइटवरून तक्रार करताना पर्यायही ‘वस्तू मिळाली नाही’ हाच निवडा. ‘रिटर्न’ दाबलंत तर सिस्टीम तुमच्याकडून वस्तू परत यायची वाट बघत बसते.

मागितलेल्या पाच गोष्टींपैकी जीपीएस आणि वजन यांच्यावर माझा सर्वांत जास्त भरवसा. नाव आणि सही फार कच्चा पुरावा आहे. नाव बहुतेक वेळा डिलिव्हरी करणाराच टाइप करतो आणि सही म्हणजे फोनच्या काचेवर बोटाने ओढलेली एक रेघ असते. फोटो आला तर तो मोठा करून बघा: दाराची चौकट, कडी कुठल्या बाजूला आहे, फरशीचा रंग, भिंतीवरचा नंबर. आपल्या दाराचा तसाच, त्याच अंतरावरून फोटो काढून दोन्ही एकाखाली एक जोडून पाठवा. शब्दांनी महिनाभर जे पटत नाही ते अशा दोन फोटोंनी लगेच पटतं. जीपीएस ठिकाण दुसऱ्या गल्लीतलं निघालं तर चुकीच्या दारी दिल्याचं जवळपास सिद्ध झालं. ते तुमच्याच इमारतीचं निघालं तर मात्र त्यावरून काही ठरत नाही, कारण उंच इमारतीत कुठल्या मजल्यावर दिलं हे जीपीएस सांगत नाही.

वजनाचं कारण वेगळं आहे. घरगुती शिलाई मशीन खोक्यासकट पाच किलोच्या पुढे सहज जातं. कुरिअरच्या नोंदीत तीनशे ग्रॅम दिसलं, तर त्या ट्रॅकिंग नंबरावर तुमचं मशीन गेलेलंच नाही. फसवणुकीची ही एक ठरलेली पद्धत आहे: सेलर त्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर एक हलकं पाकीट पाठवतो आणि त्याचा नंबर तुम्हाला देतो. सार्वजनिक ट्रॅकिंगवर फक्त शहर दिसतं, घराचा पत्ता दिसत नाही, त्यामुळे वरवर सगळं जुळतं. म्हणूनच मेलमध्ये लेबलवरचा पूर्ण पत्ता मागितला आहे. पार्सल कुठून निघालं आणि कुठल्या तारखेला, तेही बघा. तुम्ही ऑर्डर देण्याआधीच ते निघालेलं दिसलं, तर नंबर तुमचा नाही.

आता समजा, दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘आमच्या नोंदीनुसार पार्सल यशस्वीरीत्या पोहोचले आहे. प्रकरण बंद करत आहोत.’ हे ते ठरावीक उत्तर. यावर नवा मेल सुरू करू नका, त्याच मेलखाली लिहा: ‘तुम्ही पाठवलेली नोंद म्हणजे ट्रॅकिंगचा शेरा आहे, तो माझ्याकडेही आहे. मी मागितलेल्या पाचपैकी एकही गोष्ट यात नाही. चौकशी उघडली असेल तर तिचा क्रमांक द्या. उघडली नसेल तर तसं लिहून द्या. मी दिलेली तारीख कायम आहे.’ काही सेलर ‘पार्सल मिळालं नाही’ असं सही केलेलं निवेदन मागतात. ते खुशाल द्या. कुरिअरकडून भरपाई घ्यायला त्यांना तो कागद बऱ्याचदा लागतो, म्हणजे तो मागितला गेला की काम पुढे सरकतंय असं समजा. सही करण्याआधी मजकूर मात्र पूर्ण वाचा. ‘पार्सल मिळाल्यानंतर हरवले’ असं काही त्यात असेल तर ते खोडायला लावा.

फोनवर काहीही ठरलं तरी लगेच दोन ओळींचा मेल टाका: ‘आज आपलं असं बोलणं झालं.’ पुढे बँकेकडे जावं लागलं तर तिथे फोनवरचं बोलणं दाखवता येत नाही.

बँकेचं म्हणाल तर तारखेचं भान इथेच ठेवायचं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत वस्तू न मिळाल्याच्या तक्रारीला सर्वसाधारणपणे १२० दिवस असतात आणि ते वस्तू मिळायला हवी होती त्या तारखेपासून मोजतात. तुमची बँक ग्राहकाला याहून कमी मुदत देऊ शकते, म्हणून तिला आत्ताच विचारून ठेवा. पेपॅलने पैसे दिले असतील तर पैसे दिल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट उघडता येतो. पण उघडल्यावर २० दिवसांत त्याचं क्लेममध्ये रूपांतर केलं नाही तर तो आपोआप बंद होतो आणि बंद झालेला पुन्हा उघडत नाही. ‘तुम्ही तक्रार मागे घ्या, मग आम्ही पैसे पाठवतो’ असं सेलर गोड बोलून सांगतो, ते याच कारणाने. पैसे खात्यात दिसेपर्यंत काहीही मागे घेऊ नका. बँकेला लिहिताना कारण ‘वस्तू मिळाली नाही’ हेच द्या. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं लिहिलंत तर तुमचीच ऑर्डरची पावती तुम्हाला खोटं पाडेल.

सेलरला दिलेली तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी बँकेकडे किंवा साइटच्या तक्रार विभागाकडे जा, सोबत हीच सगळी मेलची साखळी जोडा. आणि पैसे परत आल्यावर मशीन दारात उगवलं, जे खरंच घडतं, तर खोकं न उघडता त्याच मेलखाली सेलरला कळवा आणि त्याच्या खर्चाने परत न्यायला सांगा. ते ठेवून घ्यायचं असेल तर पैसे परत कसे द्यायचे हे त्यालाच विचारा.