यादी नको, एका पुस्तकाची गोष्ट लिही

तुझ्या दादरच्या पुस्तकांच्या दुकानाच्या ईमेल-वार्तापत्रात चौदा मुखपृष्ठं आणि किमती आहेत. अशी यादी वाचून माणूस पुस्तक घरबसल्या मागवतो, त्यासाठी दादरला उतरत नाही. दुकानात आल्याशिवाय मिळणार नाही असं काहीतरी त्यात हवं.

माझ्या दुकानाच्या पत्रासाठी मी दर महिन्याला एकच पुस्तक निवडतो आणि ते स्वतः पूर्ण वाचतो. गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या रानभाज्यांवरचं एक पुस्तक घेतलं. कोणत्या पानावर मी थांबलो, ते पाच-सहा ओळींत लिहिलं. खाली एवढंच: ‘सहा प्रती गल्ल्याशेजारी ठेवल्या आहेत. शनिवारी ५ ते ७ टाकळा, कुर्डू, भारंगी टेबलावर असतील, ओळखून बघा. प्रत राखून हवी असेल तर या मेलला नुसतं नाव लिहून पाठवा, शनिवारपर्यंत ठेवू.’ राखलेली प्रत न्यायला माणूस येतोच, आणि आला की शेजारचं कपाटही चाळतो.

पत्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झाल्यावर पाठव. वार बुधवार किंवा गुरुवार, म्हणजे शनिवार ठरवायला वेळ मिळतो. रविवार टाळ, मेगाब्लॉकमुळे लोक बाहेर पडत नाहीत.

मेल किती जणांनी उघडला यावर फार जाऊ नकोस. काही मेल-अ‍ॅप तो आकडा आपोआप फुगवतात. गल्ल्यावर वही ठेव, पत्र वाचून कोण आलं ते विचारून लिही.